वजन आहे तिथं ठेवणं

दादाला लिव्हर द्यायचं ठरलं तेव्हा माझं वजन अठ्ठ्याऐंशी किलो होतं. मी भिलाईत, स्टील प्लांटच्या ऑफिसात क्लार्क. दादा रेल्वेत, जवळच चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत राहणारा. त्याचं लिव्हर कामातून गेलं होतं आणि घरात देण्यासारखा मी एकटाच निघालो. रायपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तुमच्याच लिव्हरवर चरबी आहे, असं लिव्हर घेता येत नाही. आधी वजन उतरवा.

मी चार महिन्यांत चौदा किलो उतरवलं. सिविक सेंटरजवळ एक डाएटिशियन बाई बसायच्या, त्यांनी चार्ट करून दिला. सकाळी दोन अंडी, दुपारी एक पोळी, वाटीभर वरण आणि ताटभर भाजी. संध्याकाळी तासभर चालणं. ऑफिसात समोसे आले की लोक आपणहून प्लेट माझ्यापासून लांब सरकवायचे. भूक लागायची, पण तिचं काही वाटत नव्हतं. दर सोमवारी दादाचा फोन यायचा.

"किती झालं बे?"

मी आकडा सांगायचो. तो वहिनीला ओरडून सांगायचा. त्या घरात माझ्या वजनाचा आकडा परीक्षेच्या निकालासारखा ऐकला जायचा.

चौऱ्याहत्तरवर आलो, सोनोग्राफी स्वच्छ आली, ऑपरेशनची तारीख मिळाली. तारखेच्या नऊ दिवस आधी दादाला इन्फेक्शन झालं आणि तीन दिवसांत तो गेला.

तेरवीला नागपूरकडचे नातेवाईक आले होते. एक काकू माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "भावाच्या दुःखानं किती वाळला रे तू." मी नुसती मान हलवली. मला रडू येत नव्हतं. नंतरही आलं नाही.

त्यानंतर मी चार्ट सोडला असं म्हणता येणार नाही. सोडायचा म्हटलं तर तसं ठरवावं लागतं. सोमवारी फोन येईना, म्हणून मी काट्यावर उभा राहीना. ऑफिसात प्लेट पुन्हा माझ्यासमोर यायला लागली आणि मी समोसा उचलायला लागलो. चव लागत नव्हती, तरी एक खाल्ला की दुसरा खायचो. चालायचं दोन दिवस राहिलं, मग आठवडा राहिलं.

आणि रविवारी वहिनी. मी दर रविवारी चरोद्याला जायचो, सिलेंडर, बिलं, पेन्शनचे कागद, असं काहीतरी असायचंच. चार महिने तिनंही दादासोबत माझ्या पोळ्या मोजल्या होत्या. आता ती पाटवडीचा रस्सा करायची, भाकरीवर तेलाची धार सोडायची आणि ताट भरून समोर ठेवायची. दोघांच्या मापानं रांधायची सवय तिची सुटली नव्हती. एका रविवारी मी तिसरी भाकर नको म्हटलं.

ती भाकर हातात घेऊन तशीच उभी राहिली. "भाऊजी, आता कोणासाठी कमी खाऊन राहिले तुमी?"

ती रागानं बोलली नव्हती, खरंच विचारत होती. मी ताट पुढे केलं.

सात-आठ महिन्यांनी प्लांटच्या हॉस्पिटलात नेहमीची तपासणी झाली. वजन ऐंशी, लिव्हरवर पुन्हा चरबी. बायकोनं विचारलं नाही, परस्पर डाएटिशियनबाईंकडे नंबर लावला. मी गेलो. न जायलाही जोर लागतो, तो माझ्यात नव्हता.

बाई हिंदीतच बोलायच्या. त्यांना दादाचं कळलं होतं, त्याबद्दल दोन वाक्यं बोलून त्या कामाला लागल्या. मला ते बरं वाटलं. मी म्हटलं, जुना चार्ट काढा, पुन्हा सुरू करतो.

"तो चार्ट वजन उतरवायचा होता," त्या म्हणाल्या. "त्यावर कोणी आयुष्यभर राहत नाही. चूक माझीही आहे. उतरवणं मी शिकवलं, पुढचं शिकवायच्या आधीच तुमचं येणं बंद झालं."

मग त्यांनी समजावलं. वजन उतरलं की शरीराला पहिल्यापेक्षा कमी अन्न पुरतं आणि भूक मात्र पहिल्यापेक्षा जास्त लागते. हे कित्येक महिने चालतं. त्यात तुमचा काही दोष नाही. उतरवताना काटा दर आठवड्याला शाबासकी देतो, टिकवताना काटा हलत नाही, म्हणून शाबासकीही नाही. ते कामच वेगळं आहे.

"आता कमी करायचं नाही," त्या म्हणाल्या. "तीन महिने ऐंशीवरच राहून दाखवा. वर नाही, खाली नाही."

मला वाटलं, हे काय काम झालं. पहिल्याच आठवड्यात कळलं. मी जोर लावून दीड किलो खाली गेलो, पुढच्या आठवड्यात दोन किलो वर. उतरवताना मला फक्त नाही म्हणता येत होतं. किती हो म्हणायचं, ते येतच नव्हतं. दुपारी दोन पोळ्या की अडीच, समोसा खाल्ला तर रात्री भात किती, हे मी पंचेचाळीस वर्षांचा माणूस पहिल्यांदा शिकत होतो. बाईंनी सांगितलेलं असं: आठवड्यात एक वार ठरवून सकाळी उपाशीपोटी वजन. दोन किलोची हद्द. हद्द ओलांडली तर त्या आठवड्यात काय करायचं ते आधीच लिहून ठेवलेलं, म्हणजे त्या दिवशी विचार करावा लागत नाही. आणि चालणं, वजन उतरवताना होतं त्याहून जास्त.

वार मी सोमवारच ठेवला. पहिल्या दोन सोमवारी काट्यावरून उतरल्यावर हात फोनकडे गेला. मग जाणं थांबलं.

वहिनीला सांगणं राहिलं होतं. एका रविवारी मी जेवायच्या आधीच म्हटलं, "वहिनी, मी दोनच भाकरी खाईन. रस्सा खाईन, तेल नको. दर रविवारी हेच. तू मले आग्रह नको करू."

"आजारी हाय का तुमी?"

"नाही. लिव्हरवर चरबी येऊन राहिली परत."

लिव्हर हा शब्द त्या घरात बऱ्याच दिवसांनी निघाला होता. ती पिठाच्या परातीकडे बघत बसली. मग विचारलं, "मंग त्याच्यासाठी कमी केलं ते सगळं परत आलं?"

"अर्धं आलं जवळपास."

तिनं तवा चढवला. दोन भाकरी माझ्या केल्या, एक स्वतःची केली आणि उरलेलं पीठ डब्यात परत ओतलं. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा समोरासमोर बसून जेवलो. एरवी ती मला वाढून मागून जेवायची.

तीन महिने मी ऐंशीवर राहिलो. मग बाईंनी थोडं थोडं उतरवू दिलं, अठ्ठ्याहत्तरपर्यंत, आणि पुन्हा थांबवलं. चौऱ्याहत्तरचं विचारलं तर म्हणाल्या, जे टिकेल ते तुमचं. पुढच्या सोनोग्राफीत चरबी कमी दिसली. डॉक्टर म्हणाले, छान. मला छान वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही.

याला आता दोन वर्षं झाली. गेल्या दिवाळीत मी ऐंशीच्या वर गेलो होतो. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद वाचला: रात्री भात बंद, चालणं दीड तास, बाहेरचं काही नाही, एक आठवडा. तसं केलं. दुसरा आठवडाही करावा लागला. त्या पंधरा दिवसांत मला ना जिद्द वाटली ना कंटाळा. लोक म्हणतात याला मनाची ताकद लागते. दादासाठी उतरवताना ती होती, भरपूर होती, आणि तो गेला त्याच आठवड्यात संपली. नंतरचं सगळं मी तिच्याशिवाय केलंय.

वहिनी आता रविवारी कधी कधी विचारते, "किती हाय?"

मी सांगतो, "अठ्ठ्याहत्तर."

"मागच्या वेळी बी तेच होतं ना?"

"हो, तेच."

"बरं," म्हणते ती, आणि कुकर लावायला उठते.