चोवीस टक्के रिजेक्शन

रबाळ्याच्या एका कारखान्यात मी सहा वर्षं माल तपासायचं काम केलं. मायक्रोमीटरवर आकडा येईल तो दशांशासकट लिहायचा, 'साधारण' हा शब्द तिथे शिवीसारखा. अशी मी बँकेच्या परीक्षेला बसले आणि आलेखांच्या प्रश्नांत दर वेळी वेळेअभावी गटांगळ्या खाल्ल्या. वयाच्या अटीमुळे यंदाचा शेवटचा प्रयत्न होता.

खारघरच्या क्लासमधले सर माझ्याहून पाच वर्षांनी लहान. माझी आकडेमोड पाहून ते वैतागायचे. एकदा म्हणाले, "ताई, पेन ठेवा खाली. आधी ऑप्शन बघा. लांब लांब असतील तर अंदाज मारा, जवळ असतील तरच गुणाकार." मला राग आला, पण महिनाभर पेनाशिवाय सराव केला.

परीक्षेत शेवटचा आलेख मिश्र होता. स्तंभ म्हणजे कारखान्याचं उत्पादन, हजारांत. वरून जाणारी रेषा म्हणजे त्यातल्या रिजेक्ट मालाची टक्केवारी. चार मिनिटं उरली होती. सर्वांत जास्त माल कोणत्या वर्षी रिजेक्ट झाला, हा पहिला प्रश्न झटकन सुटला. दुसऱ्यात तिसऱ्या वर्षी किती नग रिजेक्ट, असं विचारलं होतं. उत्पादन बावन्न हजार, रेषा चोवीसवर. बावन्नचा पाव भाग तेरा, त्याहून जरा कमी. पर्यायांत १२,४८० होतंच. टिक केलं. तिसराही तसाच उडवला. स्वतःवर इतकी खूश मी कधी नव्हते.

चौथा वाचताना मात्र अडखळले. चोवीस टक्के रिजेक्शन? आमच्याकडे पाच टक्के झालं तरी मॅनेजर खाली उतरून यायचे. असा कारखाना चालेल कसा? पुन्हा आलेख पाहिला. रेषेचा अक्ष उजवीकडे होता, फक्त वीसपर्यंत. डावीकडचा ऐंशीपर्यंत. घाईत मी रेषा डाव्या अक्षावर वाचली होती. चोवीस नव्हे, सहा टक्के.

घड्याळात दीड मिनिट. पहिलं उत्तर बदलायला नको. दोन्ही अक्ष शून्यापासून सुरू होत होते, सगळ्याच वर्षांचे टक्के चौपट वाचले गेले होते, म्हणजे सर्वांत मोठं वर्ष तेच. दुसरं मात्र चूक. पन्नास हजारांचे सहा टक्के तीन हजार, त्याहून थोडं जास्त: ३,१२०. बदललं. तिसरंही बदललं. चौथा सोडवायच्या आत स्क्रीन बंद झाला.

निकाल लागला तेव्हा मी कट-ऑफच्या दीड गुण वर होते. वडिलांनी पेढे आणले, सोसायटीभर वाटले. मी खोलीत बसून हिशेब करत होते: त्या दोन प्रश्नांचे दोन गुण, शिवाय चुकल्याबद्दल कापला जाणारा अर्धा. अडीच. आईला वाटलं मी आनंदाने रडतेय. मी घाबरून रडत होते.