बॅकअपच्या कागदावर माझी सही

आखातात, रोल्ला भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत मी अकाउंट्स बघायची. कॉम्प्युटरचं सगळं सांगलीकडचा एक प्रोग्रामर सांभाळायचा. बहिणीच्या लग्नाला सुट्टीवर निघण्याआधी त्याने माझ्यापुढे एक कागद ठेवला. वर लिहिलं होतं 'रीडमी'. हिशेबाच्या फाइली रोज संध्याकाळी झिप डिस्कवर उतरवणारा त्याचा छोटासा प्रोग्रॅम कसा चालवायचा, ते त्याने माझ्यासाठी मराठीत लिहिलं होतं. सगळ्यांचे पासपोर्ट मॅनेजरच्या तिजोरीत. मॅनेजरची अट एकच: मॅडमनी, म्हणजे मी, "मला जमतं" म्हणून सही केली, की याला पासपोर्ट मिळेल.

मला मेलीला वाचतानाच शंका आली. 'डिस्क घाला, आयकॉनवर दोनदा क्लिक करा, बॅकअप कंप्लीट दिसलं की झालं.' बस्स? इतकं सोपं असतं होय काही? उद्या डेटा उडाला तर हा सांगलीत जिलेब्या खाणार, आणि इथे साहेब माझ्या नावाने शंख करणार!

"तू शेजारी बस, पण तोंड उघडायचं नाही," मी बजावलं. "कागदात नाही ते मला येत नाही."

मी क्लिक केलं. काळ्या पडद्यावर एक ओळ चमकून गेली आणि लगेच 'बॅकअप कंप्लीट'.

"काल तू चालवलंस तेव्हा तर माझा चहा पिऊन झाला होता. आज डोळ्याचं पातं लवेपर्यंत?"

डिस्क उघडायला लावली. मुख्य फाइलवर कालचीच तारीख! त्याचा चेहरा पडला. "ताई, सेल्सच्या मशीनवर हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडं राहिलंय. तिकडे फाइल धरून ठेवली की कॉपी होत नाही."

"मग कंप्लीट कसलं म्हणतोय हा?"

"ती ओळ... कॉपी झाली, न झाली, तरी येते. तपासायचं राहिलं."

"वा रे वा!"

पण कामाचा पक्का होता. कॉपी फसली तर 'थांबा, बॅकअप झालेला नाही' असं दिसेल, अशी दुरुस्ती त्याने लगेच केली. कागदात दोन ओळी वाढवल्या: आधी सगळ्या मशीनवरचं सॉफ्टवेअर बंद करून घ्या, शेवटी डिस्क उघडून आजची तारीख बघा. मी दोन्ही तऱ्हा करून पाहिल्या. फाइल उघडी ठेवली, तर प्रोग्रॅम 'थांबा' म्हणाला. बंद केली, तर आजची तारीख आली. आता कुठे माझं समाधान झालं. केली सही.

मॅनेजर पासपोर्ट घेऊन आला. सोबत प्रोग्रामरचा व्हिसा कॅन्सल करायचा कागदही होता.

"अब मॅडम चलाएगी ना," तो हसत म्हणाला. "तुम्हारा काम खलास."

म्हणजे हा कागद यासाठी लिहून घेतला होता! मी सगळा वेळ संशय घेत बसले, पण भलत्याच माणसाचा.

प्रोग्रामरने पासपोर्ट खिशात घातला आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, तुम्हाला माहीत होतं ना?"

देवाशपथ, नव्हतं. मी तसं सांगितलंही. त्याने मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही.