अडीचची दांडी

वहिनींचा धंदा बोलण्याचा, पण त्यातला एकही शब्द स्वतःचा नाही. दवाखान्यात डॉक्टर एका भाषेत बोलत आणि रोगी दुसऱ्या. वहिनी घरातल्या मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून, व्हिडिओवर, इकडचं तिकडे करत. दुभाषी. त्यांच्या वडिलांनी एकेकाळी डॉक्टरांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावली होती, एक अक्षर न कळता. ते त्या विसरल्या नव्हत्या, म्हणून दुपारचे कॅन्सर विभागाचे कॉल त्या हट्टाने मागून घेत.

आणि नेमकं दुपारी अडीचच्या सुमारास इंटरनेट मान टाकत असे.

रोज. पडद्यावरचा डॉक्टर तोंड उघडं ठेवून थिजायचा, मग चाक फिरायचं, मग काहीच नाही. एकदा वहिनींनी "गाठ पसरलेली..." एवढंच सांगितलं आणि लाइन तुटली, पलीकडचा म्हातारा पुढचा शब्द येईपर्यंत तेवढ्यावरच अडकून राहिला. पसरलेली नव्हती, पण ते सांगायला वहिनींना नव्याने कॉल जोडावा लागला. त्या दिवशी त्यांना स्वतःचीच चीड आली. दुभाषी पुरवणाऱ्या कंपनीच्या बाईंनीही स्पष्ट सांगितलं, "आणखी एक कॉल तुटला, तर दुपारची वेळ दुसऱ्या कुणाला देणार."

घरात प्रत्येकाचा गुन्हेगार ठरलेला होता. सासूबाईंना मिक्सरचा संशय, दिरांना शेजाऱ्यांचा. "वहिनी, ते फुकटात आपलं वायफाय ओढताहेत, मी सांगतो!" पासवर्ड बदलला, मिक्सर दुपारभर गप्प बसवला. लाइन पडायची ती पडलीच. हेल्पलाइनचं उत्तर पाठ झालं होतं: राउटर बंद करून चालू करा. वहिनी इमानेइतबारे करत, दोन मिनिटांत सगळं सुरू होई, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अडीच. तपासायला माणूस सकाळी यायचा, तेव्हा लाइन शहाण्या मुलासारखी वागायची.

मग एका रविवारी सकाळी दहा वाजता वीज गेली आणि थोड्या वेळाने आली. त्या दुपारी वहिनी अडीचला राउटरसमोर ठाण मांडून बसल्या. काहीच झालं नाही. सोमवारी सकाळी दहानंतर मात्र सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं.

"अगं, मोबाइलवर ऐन भांडणात अडकली माझी मालिका!"

"आई, कधी अडकली?"

"आत्ता! आणि तुला हसू कशाचं येतंय?"

वहिनींनी तडक हेल्पलाइन लावली. या वेळी तक्रार केली नाही, प्रश्न विचारला. "जोडणी झाल्यापासून चोवीस तासांनी तुम्हीच लाइन तोडता का?"

पलीकडचा मुलगा गडबडला. "ताई, राउटर बंद करून..."

"ते मी रोज करते. तुमच्या वरिष्ठांना द्या."

वरिष्ठ सरळ माणूस निघाले. "हो ताई. घरगुती जोडणी चोवीस तासांनी आमच्याकडून तुटते. राउटर लगेच पुन्हा जोडून घेतो, पण त्याला इंटरनेटवरचा नवा पत्ता मिळतो. जुन्या पत्त्यावर चाललेला कॉल मग टिकत नाही."

"हे मला कुणीच का नाही सांगितलं?"

"बहुतेकांना कळतही नाही. तोडणं मी थांबवू शकत नाही, पण वेळ तुमच्या हातात आहे. राउटर ज्या वेळी सुरू कराल, तिथून चोवीस तास."

वहिनींनी कपाळावर हात मारला. लाइन बसवणारा पहिल्या दिवशी दुपारी आला होता. तेव्हापासून लाइन रोज त्याच वेळी पडत होती, आणि त्या रोज त्याच वेळी राउटर बंद-चालू करून नवे चोवीस तास तिथूनच मोजायला लावत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे, चहाचं आधण ठेवतानाच, त्यांनी राउटर बंद करून पुन्हा चालू केला. दिरांना ताकीद दिली, "वीज गेली की मला सांगायचं. लाइन कधी पडायची ते आता मी ठरवणार."

त्याच दुपारी सव्वादोनला कॉल आला. डॉक्टर आणि समोर एक बाई, नवऱ्याचा हात घट्ट धरून. डॉक्टर हळूहळू बोलले, वहिनींनी शब्द न शब्द पोचवला. या वेळी बातमी वाईटच होती. त्या शेवटचं वाक्य बोलल्या, आणि पडद्यावर सगळं थांबलं. कुणी हलेना. अडीच वाजले होते. वहिनींचा हात सवयीने राउटरकडे गेला.

बाईंच्या पापण्या लवल्या.

लाइन चालू होती. बाईंना फक्त बोलवत नव्हतं. वहिनींनी हात मागे घेतला. शेवटी बाईंनी विचारलं, "घरी मुलं आहेत. त्यांना काय सांगू?"

वहिनींनी आवाज स्थिर ठेवून तो प्रश्न डॉक्टरांपर्यंत पोचवला.