गोपीचंदभाऊंच्या कामाचा दाखला

आमगावच्या राईस मिलमध्ये गोपीचंदभाऊंनी बावीस वर्षं दाताखाली धान फोडून ओल सांगितली. दोन दात त्यातच गेले. निवृत्त झाल्यावर मालकांनी ग्रॅच्युइटी नाकारली. "काम बेकार होतं तुझं. अन् आता मिलमध्ये सातच माणसं आहेत, कायदा लागत नाही."

लेखी मागणीलाही उत्तर आलं नाही, तेव्हा भाऊंनी कामगार कार्यालयात दावा केला. जुन्या हजेरीपटावर चौदा नावं निघाली. अधिकारी मालकांना म्हणाले, "एकदा दहा माणसं झाली की कायदा लागतो, पुढे कमी झाली तरी. अन् काम बेकार म्हणून ग्रॅच्युइटी अडवता येत नाही. व्याजासह द्या."

भाऊ उठलेच नाहीत. "साहेब, माझं काम चांगलं होतं, एवढं लिहा ना."

"कायद्याला त्याची गरज नाही, भाऊ."

"मले आहे ना, साहेब."