भरताच्या व्हिडिओखालची एकतीस सामानं

आमच्या अक्काच्या हातचं भरीत मी दर रविवारी मोबाइलमध्ये पकडतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, धुळ्यात देवपूरला राहते. मी जळगावात पिंप्राळ्याला. शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालो तेव्हा घरच्यांना माझा जाच नको होता, म्हणून मी अक्काच्या स्वयंपाकाचं चॅनेल काढलं. रांधायचं तिनं, शूटिंग करायचं मी, आणि चव बिघडली तर शूटिंग वाईट म्हणायचं दोघांनी.

चॅनेल जरा चाललं तसं मला कळलं की व्हिडिओच्या खाली वर्णनाची जागा असते, तिथं वस्तूंच्या लिंका द्यायच्या, त्या लिंकेवरून कुणी खरेदी केली की देणाऱ्याला कमिशन मिळतं. मी लगेच अर्ज केला, मंजूरही झाला. आता लिंका बनवायच्या कशा, ते शिकण्यापेक्षा उचलणं सोपं. एका मोठ्या चॅनेलच्या वर्णनातली अख्खी यादी मी उचलली आणि अक्काच्या भरताखाली चिकटवली. एकतीस सामानं. त्यात विजेचा चॉपर होता, कॅमेऱ्याचा स्टँड होता, डास मारायची रॅकेटही होती. यादीच्या तळाला इंग्रजीत एक ओळ होती, कमिशन मिळतं अशा अर्थाची. ती मला समजली नाही म्हणून मी तिला कायद्याची ओळ समजून आदरानं तशीच ठेवली.

महिनाभर माझ्या खात्यावर एक विक्री दिसेना. मग माझ्या पुतणीनं त्या ओळीचा अर्थ सांगितला आणि लिंक उघडून दाखवली. प्रत्येक लिंकेत देणाऱ्याची खूण असते, आणि माझ्या एकतीसच्या एकतीस लिंकांत त्या मोठ्या चॅनेलवाल्याची खूण होती. म्हणजे महिनाभर मी त्या माणसाचा विनावेतन शिपाई होतो. रीतसर खूण बदलून मी माझ्या लिंका बनवल्या. यादी मात्र तीच ठेवली. अक्कल एका वेळी एवढीच बदलते.

आणि मग पिंपळनेरहून फोन आला.

चॅनेलवर दिलेल्या माझ्या नंबरवर एक वयस्कर बाई बोलत होत्या. अक्काचे सगळे व्हिडिओ त्या बघत. त्यांचं मनगट मागं मोडलं होतं, तेव्हापासून भरीत ठेचायला हात चालेना. भरीत आमच्याकडे लाकडी बडगीत घालून ठेचतात, तो काही हलका उद्योग नाही. त्यांना वाटलं, व्हिडिओखाली चॉपर दिलाय, म्हणजे अक्का कॅमेरा बंद असताना त्यातच करत असणार. मुलाकडून मागवला, भाजलेली वांगी त्यात घातली आणि बटण दाबलं.

"भाऊ, भरीत नई, लापशी व्हई गयी," बाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. पुढं हळूच विचारलं, "एक सांग, हाई मशीन अक्का वापरस का?"

मी म्हणालो, अक्कानं ते मशीन बघितलेलंसुद्धा नाही.  मग त्यांनी विचारलं, मला त्याचे पैसे मिळाले का. मी हो म्हणालो. तळाला तसं लिहिलंय, असंही पुटपुटलो. त्यांनी फोन ठेवला. वस्तू परत करायची मुदतही उलटून गेली होती.

हे अक्काला सांगावं की न सांगावं, याचा विचार मी जळगाव ते धुळे बसमध्ये केला. न सांगायचं ठरलं. देवपूरला पोचल्यावर तिनं नुसतं पाहिलं आणि मी सगळं सांगून बसलो.

अक्कानं हातातलं वांगं खाली ठेवलं. मला म्हणाली, "तळाला म्हणजे कुठं? दाखव."

मी मोबाइल काढला. आधी वर्णन दुमडलेलं, ते उघडायचं. मग एकतीस सामानं खाली सरकवायची. मग ती ओळ, तीही इंग्रजीत. अक्काचं शिक्षण सातवीपर्यंत, पण तिचा पुढचा प्रश्न वकिलाच्या वर होता. "मी मराठीत बोलते, ती बाई मराठीत ऐकते, आणि तुझं खरं इंग्रजीत का रे?"

 नियमातही तेच आहे, हे मी नंतर वाचलं. कमिशन मिळत असेल तर ते बघणाऱ्याच्या भाषेत, सहज दिसेल अशा जागी सांगावं, लिंकांच्या गर्दीत पुरू नये, आणि व्हिडिओतही बोलावं. अक्कानं नियम वाचला नव्हता. तिनं नुसतं सांगितलं, हे सरळ होईपर्यंत कॅमेऱ्यापुढं उभी राहणार नाही. आधी पिंपळनेरला चल.

गेलो. बाईंच्या घरी अक्का थेट स्वयंपाकघरात शिरली, जणू माहेरच. मी तो चॉपर बाईंकडून पूर्ण किमतीला विकत घेतला आणि ओशाळून ओट्याशी उभा राहिलो. अक्कानं बाईंना भरीत करायला लावलं आणि फक्त बघत राहिली. मला वाटलं, अडचण ठेचण्यात. अडचण त्याच्या आधी होती. कपाशीच्या काड्या पेटवून त्यांवर भाजायला आता घरात कुणी नाही, म्हणून बाई गॅसवर वांगं ठेवत. ते बर्नरवरून घसरे, दुखऱ्या हातानं उलटताना निसटे, अर्धं कच्चं राही, आणि कच्चं वांगं ठेचायला जोर लागे.

"पूर्ण भाजलं की बोटानंही मोडतं," अक्का म्हणाली. "हिला मशीन नको, गॅसवर ठेवायची दांड्याची जाळी पाहिजे."

धुळ्याच्या बाजारात आम्ही तीन जाळ्या घेतल्या. एक पहिल्याच दिवशी वाकली. दुसरीचा दांडा तापून माझ्या हाताला फोड आला, तो अक्कानं शास्त्रीय प्रयोग म्हणून खपवला. तिसरी महिनाभर वापरली, तेव्हा ती पास झाली. तीच ऑनलाइन शोधली.

मग मी खाली बसून सगळ्या जुन्या व्हिडिओंची वर्णनं दुरुस्त केली. एकतीस सामानं काढली, रॅकेटसह. जुन्या व्हिडिओतलं बोलणं बदलता येत नाही, म्हणून ती सामानं अक्का वापरत नव्हती आणि कमिशन मला मिळत होतं, अशी कमेंट प्रत्येकाखाली लिहून सगळ्यात वर टाचली. नव्या व्हिडिओत अक्का स्वतः बोलली. मी तिला भारदस्त मजकूर लिहून दिला होता, तो तिनं वांग्याच्या देठासोबत बाजूला काढला.

"खाली एका जाळीची लिंक शे," ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली. "तिथून घेतली तर माझ्या भावाला कमिशन मिळतं. तुम्हाला किंमत तीच पडते. काड्यांवर भाजत असाल तर घेऊ नका, गरज नाही."

वर्णनाच्या पहिल्याच ओळीत मी हेच मराठीत लिहिलं, लिंकेच्याही आधी. मनात म्हटलं, घेऊ नका म्हटल्यावर कोण घेणार. दुकान उघडून दारात आडवं झोपण्यातला प्रकार.

आठवड्यानं मी देवपूरला असताना पिंपळनेरहून पुन्हा फोन आला. बाईंनी जाळी मागवली होती. वांगं पूर्ण भाजलं, दुखऱ्या हातानं ठेचलं, बठ्ठ्या म्हणजे सगळ्या घरानं खाल्लं. मी म्हणालो, मावशी, मला सांगायचं, मी बाजारातून आणून दिली असती.

"कसाले?" त्या म्हणाल्या. "तुन्ही लिंक दाबीसनच लिधी. यावेळे तू आधीच सांगेल व्हतं ना, तुले पैसा मियतस म्हणीसन."

फोन मी स्पीकरवर टाकला होता. अक्का पीठ मळत होती, तिनं ऐकलं. पुढच्या रविवारसाठी वांगी किती आणू, असं मी विचारलं, तर म्हणाली, दोन किलो आण, पिंपळनेरलाही डबा द्यायचाय.

नोकरीत मला एकदा उत्तम सेवकाचं प्रमाणपत्र मिळालं होतं. ते कुठं आहे, आठवत नाही. त्या जाळीच्या विक्रीची नोंद मात्र मी पुतणीकडून मोबाइलमध्ये जपून ठेवायला शिकलो, आणि पाहुणे आले की चहाच्या आधी ती दाखवतो.