भिंतीवर न मावलेला थांबा

बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमधली ती भिंत गुलाबसिंग दर शनिवारी ओल्या फडक्यानं पुसायचा. बाकीच्या भिंतींवरनं झाडू फिरला तरी त्याला चालायचं, या भिंतीला मात्र फडकंच लागायचं. कारण ती त्यानं रंगवली होती. बारा वर्षांपूर्वी कॉलेज नवं होतं, तेव्हा सुरभी मॅडमनी एका कागदावर कोलेस्टेरॉलपासून निघणारा सगळा रस्ता काढून दिला आणि म्हणाल्या, "गुलाबसिंग, तुम्ही जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर नंबर टाकायचात ना? मग हेही टाका."

त्यानं टाकलं. निळ्या चौकटी, लाल बाण, बाणांवर पांढऱ्या अक्षरात एन्झाइमचं नाव. तो लॅब अटेंडंट. दहावी नापास. टेस्टट्यूब धुणं, सेंट्रिफ्यूज पुसणं, परीक्षेला रोल नंबर पुकारणं ही त्याची कामं. पण पोरं भिंतीसमोर उभी राहून अडखळली की मागून आवाज यायचा, "सतरा-अल्फा. तिथं सतरा-अल्फा लागते."

"काका, तुम्हीच या ना परीक्षेला!"

"मले कोण डॉक्टर करते बे? तू वाच."

त्याच कॉलेजात त्याची पुतणी आली. उज्ज्वला. महागावकडच्या त्यांच्या बंजारा तांड्यातली मेडिकलला लागलेली पहिली पोरगी. अख्खा तांडा सोडायला आला होता, लालीबाईनं, म्हणजे तिच्या याडीनं, आईनं, होस्टेलच्या वॉर्डनच्या हातातही प्रसादाचा शिरा कोंबला होता. त्यानंतर पहिल्या वर्षाला बायोकेमिस्ट्रीत ती एकदा नापास झाली, दोनदा झाली, तिसऱ्यांदाही झाली. नियमानं चार संधी. चौथीत नाही झालं तर पहिलं वर्षच नाही, पुढचंही काही नाही. नाव कमी.

तिसऱ्या निकालानंतर ती लॅबच्या मागच्या ओट्यावर बसली होती. गुलाबसिंग शेजारी येऊन बसला.

"येते तुले सगळं. मग काहून अडते?"

"पुस्तक उघडलं की अक्षरं पळून जातात काका. तोंडी परीक्षेला तर तोंडच बंद."

"पुस्तक ठेव बाजूले. उद्यापासून जेवणाच्या सुट्टीत इथं ये. भिंत वाच."

एक ते दोन लॅब रिकामी असायची. पंख्याखाली दोघं उभे राहायचे, त्याच्या हातात खडू नाही, काचेची लांब कांडी.

"आपल्या आज्यापणज्याचं काय काम होतं?"

"लदेणी. बैलांवर मीठ, धान्य लादून गावोगाव न्यायचं."

"मग हेबी लदेणीच हाये. माल कोण?"

"कोलेस्टेरॉल. सत्तावीस कार्बन."

"त्याले मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यापर्यंत कोण नेते?"

"स्टार प्रोटीन. तिथं साइड-चेन तोडणारं एन्झाइम, डेस्मोलेज. सहा कार्बन कापले, राहिले एकवीस. प्रेग्नेनोलोन."

"हा पहिला नाका. इथं अडला तर?"

"तर काहीच नाही बनत. ना मिठाचं हार्मोन, ना ताणाचं, ना बाई-पुरुषाचं."

"शाबास! पुढं चाल."

ती चालायची. प्रेग्नेनोलोनवर थ्री-बीटा चढलं की प्रोजेस्टेरॉन. मग तीन रस्ते, अॅड्रिनल कॉर्टेक्सच्या तीन थरांमध्ये. बाहेरच्या थरात सतरा-अल्फा नाहीच, म्हणून तिथला माल वळू शकत नाही. एकवीस, अकरा-बीटा, शेवटी अल्डोस्टेरॉन सिंथेज, आणि अल्डोस्टेरॉन तयार. ते मीठ धरून ठेवतं. त्याला हाकणारे मालक दोन, अँजिओटेन्सिन आणि रक्तातलं पोटॅशियम. मधल्या थरात आधी सतरा-अल्फा, मग एकवीस, मग अकरा-बीटा, की कॉर्टिसॉल. त्याच्यावर हुकूम पिट्यूटरीच्या एसीटीएचचा. आतल्या थरात सतरा-वीस लायेज आणखी दोन कार्बन उडवतं, एकोणीस उरतात. डीएचईए, अँड्रोस्टेनडायोन. त्याचं पुढं वृषणात टेस्टोस्टेरॉन, आणि अंडाशयात अरोमाटेजनं अठरा कार्बनचं इस्ट्रोजेन.

पहिल्या आठवड्यात ती सतरा-अल्फाला अडायची. चौथ्या आठवड्यात कांडीच्या आधी तिचा आवाज पुढं जायला लागला. सुरभी मॅडम एकदा दारातून ऐकत उभ्या राहिल्या. निघून जाताना हसल्या. गुलाबसिंगनं ते हसू घरी नेलं, बायकोला सांगितलं, "या बार पास होते पोट्टी."

एकदा उज्ज्वलानं विचारलं, "काका, एकवीस बंद पडलं तर मला माहीत आहे. कॉर्टिसॉल नाही, अल्डोस्टेरॉन नाही, मीठ वाहून जातं, बीपी पडतो. मागं साठलेला माल सतरा-वीसच्या रस्त्यानं जातो आणि पोरीच्या अंगात पुरुषी हार्मोन वाढतात. पण अकरा-बीटा बंद पडलं तर?"

त्यानं भिंतीकडे पाहिलं. बाहेरच्या रस्त्यावर प्रोजेस्टेरॉनची चौकट होती, तिथून एक लांब लाल बाण पंख्याच्या स्विचबोर्डाला वळसा घालून कॉर्टिकोस्टेरॉनपर्यंत आला होता. बाणावर दोन नावं एकत्र, एकवीस आणि अकरा-बीटा.

"दोन्ही नाके एकाच बाणावर हायेत. हा बंद काय, तो बंद काय. अल्डोस्टेरॉन बनतच नाही, म्हणजे मीठ गेलं, बीपी पडला. सारखंच."

"पुस्तकात पाहू का एकदा?"

"पुस्तकात पाहशीन त् पुन्हा हरवशीन. भिंत वाच."

तिनं वहीत लिहिलं, अकरा-बीटा, एकवीससारखंच.

परीक्षेच्या दिवशी सकाळी गुलाबसिंगनंच भिंतीवर जुने पेपर चिकटवले. नियमच तो, पोरांना चार्ट दिसायला नको. टेबलाच्या एका बाजूला सुरभी मॅडम, दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेल्या परीक्षक बाई. थिअरीत उज्ज्वला काठावर होती, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. जे काय व्हायचं ते या दहा मिनिटांत होणार होतं.

"रोल नंबर अडतीस!" त्यानं पुकारलं.

ती बसली. परीक्षक बाई म्हणाल्या, "स्टेरॉइड सिंथेसिस सांगा."

आणि ती बोलली. मायटोकॉन्ड्रियापासून अरोमाटेजपर्यंत, न थांबता, कार्बन मोजत. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. "वा. फारच छान. हिला चौथा अटेम्प्ट कसा काय?"

सुरभी मॅडम म्हणाल्या, "खूप मेहनत घेतली आहे मॅडम तिनं."

गुलाबसिंग चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता. आत जावं की नाही, त्याला कळेना.

"बरं, आता थोडं डोकं वापरू. एका बाळात अकरा-बीटा हायड्रॉक्सिलेज नाही. बीपी काय असेल?"

"कमी, मॅडम."

"का?"

"अल्डोस्टेरॉन नाही, म्हणून मीठ जातं."

परीक्षक बाई थोड्या पुढं झुकल्या. आवाज मऊ केला. नापास करायची हौस नसलेल्या माणसासारखा. "घाई नाही. पुन्हा विचार करा. नक्की कमी?"

उज्ज्वलानं भिंतीकडे पाहिलं. तिथं पेपर. मग तिनं दाराकडे पाहिलं.

गुलाबसिंगनं मान हलवली. ट्रे घट्ट धरून, हळूच, वरून खाली. हो.

"नक्की, मॅडम."

"कॉर्टिकोस्टेरॉनच्या अलीकडं काय असतं?"

"प्रोजेस्टेरॉन."

"डीओसी नाव ऐकलंय? डीऑक्सिकॉर्टिकोस्टेरॉन?"

पंखा फिरत होता. पेपरचं एक टोक सुटून फडफडत होतं.

"ते... आमच्या भिंतीवर नाही, मॅडम."

परीक्षक बाईंना वाटलं मुलगी उद्धट आहे. त्यांनी पेन उचललं. सुरभी मॅडमनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

सगळे गेल्यावर सुरभी मॅडम स्वतः उठल्या आणि भिंतीवरचे पेपर ओढून काढायला लागल्या. एकेक चौकट बोटानं तपासत गेल्या. बोट स्विचबोर्डापाशी थांबलं.

"गुलाबसिंग, मी दिलेल्या कागदावर इथं डीओसी होतं."

"होतं मॅडम."

"मग?"

"इथं बोर्ड आलता. चौकट मावेना. मले वाटलं..." तो ट्रेमधले थंड झालेले कप उगाच सरळ करायला लागला. "मले वाटलं नुसता मधला थांबा हाये. तिथं काही बनत नाही, कोणी उतरत नाही, माल पुढंच जाते. म्हणून बाण वळवून नेला."

"पुढचा नाका उघडा असेल तर माल पुढं जातो," मॅडम म्हणाल्या. "अकरा-बीटा बंद झालं की तो इथंच साचतो. ढीग लागतो. आणि डीओसी स्वतःच मीठ धरून ठेवतं. अल्डोस्टेरॉन नसलं तरी. बीपी पडत नाही, वाढतो. एकवीस बंद असलं तर माल या थांब्यापर्यंत येतच नाही, म्हणून तिथं मीठ जातं. एवढाच फरक आहे दोघांत. परीक्षेत तोच विचारतात."

"म्हणजे सारखंच नाही."

"बरोबर उलटं."

तो खाली बसला. लॅबच्या फरशीवर, टेबलाच्या पायाला टेकून.

"मॅडम, मीच सांगितलं तिले. आणि मघाशी मान... ते तुम्ही पाहिलं?"

"पाहिलं." मॅडमनी चुरगळलेले पेपर डब्यात टाकले. "मीही काही वेगळं नाही केलं. बारा वर्षं या भिंतीकडे पाठ करून शिकवतेय. एकदा वळून वाचली असती तर."

"अर्ज करता येईन का कुठं? लिहून देतो मी. माह्या हातानं झालं म्हणून."

"कुणाकडे देणार? भिंत चुकली असं कुठल्या अर्जात लिहितात?"

निकाल लागला तेव्हा कमी पडलेले मार्क अगदी थोडे होते. ते तिनं कोणाला सांगितले नाहीत. होस्टेलची खोली रिकामी करायला गोपाल, तिचा भाऊ, आला होता. गादी, बादली, तीन जाड पुस्तकं. पुस्तकं ती तिथंच ठेवून निघाली, गोपालनं परत जाऊन आणली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गुलाबसिंग तांड्यात गेला. कापसाची पहिली वेचणी चालू होती. लालीबाईनं चहा दिला, पण शेजारी बसली नाही. उज्ज्वला ओसरीत बोंडं निवडत होती. बोटांना काटे लागून बारीक रेघा उठल्या होत्या.

"तुह्यं बीएस्सीले नाव टाकते म्हणत होता गोपाल," तो म्हणाला.

"तो म्हणते."

"आणि तू?"

तिनं एक बोंड उघडलं, चांगला कापूस बाजूला, किडकी कवडी बाजूला. मग खाली मान घालूनच म्हणाली, "काका, तुम्ही मान हलवली नसती तरी मी तेच म्हटलं असतं."

"खोटं नको बोलू बेटा."

"बरं." तिनं बोटात रुतलेला काटा काढला. "थांबले असते मी. बाहेरच्या मॅडम विचार कर म्हणत होत्या. थांबलेच होते."

बाहेर कोणीतरी बैलाला हाकललं. गुलाबसिंगचा चहा तसाच होता, वर साय धरली होती.

"भिंत नीट केली का?" तिनं विचारलं.

"केली. डीओसी काढला."

"कुठं? जागा तर नव्हती."

"बोर्डावरच. पांढऱ्या रंगानं, बटनाच्या खाली."

"पोरं पंखा लावतात-बंद करतात दिवसभर. बोटं लागून लागून पुसला जाईन तो."

"पुन्हा काढीन."

उज्ज्वलानं पुढचं बोंड उचललं. "काढा," ती म्हणाली. "मले काय त्याचं आता."