गिरणी कामगाराचं कार्ड

घाटकोपरला छापखान्याच्या पोटमाळ्यावर आम्ही तिघे एकच रहस्यकथामाला लिहायचो. तिघांच्या लिखाणात घोळ होऊ नये म्हणून प्रत्येक पात्राचं कार्ड होतं: वय, नाती, कुठल्या पुस्तकात काय घडलं. ती कार्डं मी सांभाळायचो.

गिरणी कामगारांचा संप चिघळला, गिरण्या बंद पडल्या, गिरणीत असलेले माझे वडील घरी बसले. मालेत नायकाचा एक गिरणी कामगार मित्र होता. दुसऱ्या लेखकाच्या हस्तलिखितात तो अजून पाळीवर जात होता. माझ्या हस्तलिखितात घरी बसला होता.

संपादकांनी विचारलं, "यातलं खरं कुठलं?"

"घरी बसलेला."

"म्हणजे दर पुस्तकात त्याचं रडगाणं? लोक विरंगुळा म्हणून घेतात रे. गावाला पाठव त्याला."

"गावची जमीन चौथ्या पुस्तकात विकली, कार्डावर आहे. तिथे खाणार काय?"

"मग मारून टाक. कुठेच विसंगती नाही."

"गिरणीमालकांनासुद्धा इतकं सोपं सुचलं नव्हतं, साहेब."

"युनियनची पत्रकं कमी वाच आणि कार्ड भर."

मी 'तापाने मृत्यू' असं लिहिलं आणि कार्बन प्रती दोघा लेखकांना दिल्या. पुढच्या एकाही पुस्तकात तो चुकूनसुद्धा बोलला नाही.